साडेसहाची संध्या: जूनमधली आणि जानेवारीतली

मुंज लहानपणी झालेली, त्यानंतर वर्ष-दोन वर्षं संध्या केलेली, मग शाळा, कॉलेज, नोकरीत ती सुटलेली. पस्तिशी-चाळिशीत पुन्हा सुरू करावीशी वाटणारे असे गृहस्थ साताऱ्यात बरेच भेटतात. त्यांच्याबरोबर पहिल्या आचमनापासून बसताना एक गोष्ट दरवेळी दिसते. अडचण मंत्रांची असेल असं त्यांना वाटत असतं. मंत्र दीड-दोन महिन्यांत बसतात. अडतं ते वेळेपाशी आणि पाण्यापाशी.

आधी एक खुलासा. इथे सांगतो आहे ती ऋग्वेदी, आश्वलायन सूत्राची संध्या. सातारा-सांगलीकडे ऋग्वेदी पुष्कळ, पण माध्यंदिन शाखेचे यजुर्वेदी आणि हिरण्यकेशीही आहेत, आणि त्यांच्या संध्येत फरक आहे. माध्यंदिनांच्या उपस्थानात ‘उद्वयं तमसस्परि’, ‘उदु त्यं’, ‘चित्रं देवानाम्’ आणि ‘तच्चक्षुर्देवहितम्’ येतात. ऋग्वेदी सकाळी ‘मित्रस्य चर्षणीधृतः’ आणि संध्याकाळी ‘इमं मे वरुण’ म्हणतात. मोबाईलवर नुसतं ‘संध्यावंदन’ शोधून जी पहिली पीडीएफ मिळते ती बऱ्याचदा दक्षिणेकडची, तैत्तिरीय शाखेची असते. ती महिनाभर पाठ करून मग ‘वडील असं म्हणत नव्हते’ हे लक्षात येतं. म्हणून पुस्तक आणण्याआधी घरातल्या थोरल्यांना शाखा, सूत्र, गोत्र आणि प्रवर विचारून एका कागदावर लिहून घ्या. शेवटी अभिवादनात ते लागणारच असतं. कौशिक गोत्र असेल तर वैश्वामित्र, अघमर्षण, कौशिक हे तीन प्रवर. गोत्र बहुतेकांना माहीत असतं, प्रवर क्वचितच.

आता वेळ. प्रातःसंध्येचे तीन दर्जे सांगणारा श्लोक जुन्या घरांतून अजून ऐकू येतो: ‘उत्तमा तारकोपेता मध्यमा लुप्ततारका । कनिष्ठा सूर्यसहिता प्रातःसन्ध्या त्रिधा मता ॥’ तारे दिसत असताना बसलात तर उत्तम, तारे मावळले पण सूर्य उगवला नाही तर मध्यम, सूर्य वर आला की कनिष्ठ. सायंसंध्येचं याच्या उलट आहे. सूर्य असताना सुरुवात केली तर उत्तम, तो बुडाल्यावर मध्यम, तारे दिसू लागल्यावर कनिष्ठ. यात घड्याळ कुठेच नाही, आकाश आहे. आणि नोकरदाराचा दिवस घड्याळावर बांधलेला असतो. सगळी ओढाताण इथून सुरू होते.

साताऱ्यातलं एक उदाहरण घेऊ. एमआयडीसीत जनरल शिफ्ट, कंपनीची बस सव्वासातला पोवई नाक्यावर, म्हणजे घरातून सात-पाचला बाहेर पडायचं. हे गृहस्थ रोज सहाला उठतात, आंघोळ करतात आणि साडेसहाला आसनावर बसतात. वर्षभर हाच क्रम. जानेवारीच्या मध्यावर साताऱ्यात सूर्योदय सात वाजून आठ मिनिटांच्या सुमारास असतो. साडेसहाला बाहेर अंधार असतो, ठळक तारे दिसतात. अर्घ्याची वेळ येते सहा-चाळीसला, तेव्हा पूर्वेला उजाडायला लागलेलं असतं. म्हणजे त्यांची संध्या काहीही जास्त न करता उत्तम दर्जाची होते. तेच गृहस्थ, तेच आसन, तोच साडेसहाचा ठोका, पण महिना जूनचा घ्या. सूर्योदय सहाच्या आसपास. ते बसतात तेव्हा सूर्य उगवून अर्धा तास झालेला असतो. ही कनिष्ठा. त्यांनी काहीच बदललेलं नसतं, सूर्यच सव्वा तासाच्या जवळपास सरकलेला असतो.

बहुतेकांचा समज याच्या उलट असतो. थंडीत उठवत नाही म्हणून थंडीत संध्या हुकते आणि उन्हाळ्यात सोपी जाते, असं त्यांना वाटतं. वेळेच्या हिशेबाने नोकरदाराला थंडीच सोपी आहे. मे-जूनमध्ये मात्र उठणं अर्धा-पाऊण तास अलीकडे आणावं लागतं, नाहीतर कनिष्ठा पत्करावी लागते. आमचं मत विचाराल तर मेपासून जुलैअखेरपर्यंत साडेपाचला उठून पाच-पन्नासला बसावं आणि उरलेलं वर्ष साडेसहाचा शिरस्ता ठेवावा. रोजचं मिनिट-मिनिट पंचांग बघून वेळ हलवणारे आठ दिवसांत कंटाळतात.

संध्याकाळचं चित्र उलटं आहे. साताऱ्यात नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य सहाच्या दोन-एक मिनिटं आधीच मावळतो, आणि जुलैच्या सुरुवातीला सव्वासातच्या जरा आधी. बस साडेसहाला घराशी सोडत असेल तर जूनमध्ये हातपाय धुऊन, पाच मिनिटं टेकून, सात वाजता सूर्य असताना बसता येतं. नोव्हेंबर-डिसेंबरात घरी पोचेपर्यंत तारे आलेले असतात. तेव्हा सायंसंध्या कनिष्ठच होणार, ते मान्य करून बसावं. म्हणजे साडेसहाच्या माणसाला हिवाळ्यात सकाळ चांगली मिळते आणि उन्हाळ्यात संध्याकाळ. दोन्ही वेळा बाराही महिने उत्तम साधायच्या तर नोकरी सोडून घाटावर जाऊन राहावं लागेल.

दिनदर्शिकेवरच्या सूर्योदयाबद्दल एक सूचना. भिंतीवरच्या पुष्कळ दिनदर्शिकांत मुंबईचा सूर्योदय छापलेला असतो. सातारा मुंबईच्या पूर्वेला आणि दक्षिणेला, सांगली आणखी पूर्वेला-दक्षिणेला. त्यामुळे सांगलीत डिसेंबरात सूर्य मुंबईपेक्षा दहा-अकरा मिनिटं आधी उगवतो, जूनमध्ये मात्र जेमतेम तीन मिनिटं. सूर्यास्ताचं याच्या उलट, जूनमध्ये फरक मोठा आणि डिसेंबरात लहान. साताऱ्यात हे अंतर थोडं कमी, डिसेंबरच्या सूर्योदयाला सात-एक मिनिटांचं. शिवाय सातारकरांना डोंगर आहेत. पश्चिमेला यवतेश्वर असल्यामुळे सूर्य पंचांगातल्या वेळेआधीच डोंगराआड जातो, आणि पूर्वेकडून जरंडेश्वराच्या बाजूने तो उशिरा डोकं वर काढतो. डोंगराआड गेला म्हणजे मावळला असं नव्हे. खरी क्षितिजाची वेळ पंचांगातली धरावी. आषाढ-श्रावणात तर आठ-आठ दिवस सूर्यच दिसत नाही, तेव्हा घड्याळाशिवाय इलाज नाही.

सूर्य उगवल्यानंतर किती वेळ चालतं, हा पुढचा प्रश्न. आमच्याकडे चालत आलेली मोजणी तीन घटिकांची, म्हणजे सूर्योदयानंतर एक तास बारा मिनिटं. एक घटिका चोवीस मिनिटांची. सूर्योदयाआधीचा मुख्य काळ टळला असेल तर नेहमीच्या तीन अर्घ्यांआधी किंवा नंतर एक प्रायश्चित्तार्घ्य देतात. आधी की नंतर, हे घराण्याच्या पद्धतीवर आहे. जूनमधल्या त्या साडेसहाच्या गृहस्थांनी हे चौथं अर्घ्य द्यावं आणि पुढे जावं. उशीर झाला म्हणून संध्याच न करणं हा उपाय नाही. आणि उशीर झाला म्हणून अपराधी चेहऱ्याने बसणंही नको, त्यासाठीच ते अर्घ्य ठेवलं आहे.

आता पाण्याकडे. लागणारं सामान थोडं आहे: तांब्या, पंचपात्र, पळी, ताम्हन आणि बसायला लोकरीचं किंवा दर्भाचं आसन. पूर्ण संध्येला अर्धा लिटरपेक्षा थोडं जास्त पाणी लागतं. त्यातलं पाव लिटर आचमनं आणि मार्जनाला, उरलेलं अर्घ्याला, कारण एका अर्घ्याच्या ओंजळीत अर्धी वाटी तरी पाणी मावतं. तीन किंवा चार ओंजळी धरल्या तर साधं देवपूजेचं ताम्हन काठोकाठ भरतं आणि चौथ्या अर्घ्याला जमिनीवर सांडतं. पहिल्या आठवड्यात सगळ्यांच्या घरी फरशी ओली होते ती यानेच. अर्घ्यासाठी पितळी परात किंवा पसरट घमेलं घ्या. पाणी रोज सकाळी ताजं भरावं. तांब्याच्या पंचपात्रात रात्रभर राहिलेल्या पाण्याला धातूची चव येते, भांडं आतून घासलेलं नसेल तर जास्तच, आणि ते तीन वेळा पोटात जायचं असतं. कृष्णेवर माहुलीला किंवा सांगलीच्या घाटावर जाऊन करणार असाल तर अर्घ्य नदीच्या पाण्याचं द्या, पण आचमनाला घरचं पाणी बरोबर न्या. पावसाळ्यातलं गढूळ पाणी तोंडात घेण्याचा हट्ट नको.

आचमनाचं पाणी किती, याचं माप जुन्यांनी फार छान ठरवलं आहे. तळहाताच्या खळग्यात उडदाचा एक दाणा बुडेल एवढं. म्हणजे पळीभर नाही, अर्ध्या पळीपेक्षाही कमी. उजवा तळहात किंचित वाकवून मधली तीन बोटं जुळवायची, अंगठा आणि करंगळी मोकळी ठेवायची, आणि अंगठ्याच्या मुळाकडून, ज्याला ब्रह्मतीर्थ म्हणतात तिथून, ओठ लावून पाणी घ्यायचं. सुर्र असा आवाज येतो तो पाणी जास्त घेतल्यामुळे किंवा बोटांच्या टोकाकडून ओढल्यामुळे. ‘ॐ केशवाय नमः, ॐ नारायणाय नमः, ॐ माधवाय नमः’ असं तीनदा प्यायचं, ‘ॐ गोविंदाय नमः’ म्हणताना पाणी हातावरून ताम्हनात सोडायचं. पुढची वीस नावं, विष्णूपासून श्रीकृष्णापर्यंत, शरीराला स्पर्श करत म्हणायची असतात. नवख्याने पहिले दोन आठवडे चार नावांवर थांबावं आणि उरलेली हात जोडून पुस्तकातून वाचावीत. नाव आणि स्पर्श एकदम बसवायला गेलं की दोन्ही विस्कटतात.

प्राणायामात लोक अडतात ते श्वासावर. सात व्याहृती, गायत्री आणि ‘आपो ज्योती रसोऽमृतं ब्रह्म भूर्भुवः स्वरोम्’ एवढं मनात शांतपणे म्हणायला पंधरा-वीस सेकंद लागतात. नवख्याला तेवढा श्वास कोंडणं जमत नाही, मग मंत्र धावायला लागतो. श्वास कोंडू नका. आत घेताना व्याहृती, बाहेर सोडताना गायत्री, असं सावकाश केलं तरी सुरुवातीला पुरतं. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर कुंभक नकोच. नाक कसं धरायचं यावरूनही वाद होतो. अंगठा, अनामिका आणि करंगळीने धरायची पद्धत ब्रह्मचाऱ्याची, पाचही बोटांनी नाकाचा शेंडा धरायची गृहस्थाची. तेव्हा आजोबा पाचही बोटांनी धरायचे हे आठवत असेल तर ते चुकत नव्हते.

मग संकल्प: ‘ममोपात्तदुरितक्षयद्वारा श्रीपरमेश्वरप्रीत्यर्थं प्रातःसंध्यामुपासिष्ये’. संध्याकाळी ‘सायंसंध्याम्’. एवढा एक शब्द बदलायचा, पण सकाळचा पाठ तोंडात बसलेला असल्याने संध्याकाळीही ‘प्रातः’ निघून जातं.

मार्जन म्हणजे अंगावर पाणी शिंपडणं. ‘आपो हि ष्ठा मयोभुवः’ या तीन ऋचांचे नऊ चरण, प्रत्येक चरणाला एकदा शिंपडायचं. सगळे डोक्यावर, फक्त आठवा, ‘यस्य क्षयाय जिन्वथ’, खाली भूमीकडे. बोटांची टोकं बुडवून झटकली तरी पुरे. डोकं भिजवायचं नाही. पळीने ओतणाऱ्यांचा सदरा ओला होतो आणि जानेवारीत ते चार दिवसांत सर्दी होऊन घरी बसतात.

मंत्राचमनात सकाळ-संध्याकाळची गल्लत ठरलेली. सकाळी ‘सूर्यश्च मा मन्युश्च’, संध्याकाळी ‘अग्निश्च मा मन्युश्च’. लक्षात ठेवायची खूण मंत्राच्या अर्थामध्येच आहे. सकाळी रात्रीत घडलेल्या पापाबद्दल म्हणायचं म्हणून ‘यद्रात्र्या पापमकार्षम्’, संध्याकाळी दिवसाच्या पापाबद्दल म्हणून ‘यदह्ना’. शेवटही बदलतो: सकाळी ‘सूर्ये ज्योतिषि जुहोमि स्वाहा’, संध्याकाळी ‘सत्ये ज्योतिषि’. पाणी तळहातावर घेऊन मंत्र म्हणायचा आणि ‘स्वाहा’ला प्यायचं. मंत्र लांब आहे, तोवर पाणी बोटांतून गळून जातं. म्हणून मंत्र पाठ होईपर्यंत आधी वाचून घ्यावा आणि शेवटच्या ओळीला हातावर पाणी घ्यावं.

दुसरं मार्जन आणि अघमर्षण पटकन सांगतो. अघमर्षणात ‘ऋतं च सत्यं च’ या तीन ऋचा म्हणताना उजव्या हातातलं पाणी नाकाजवळ धरायचं आणि मग न बघता डावीकडे टाकायचं. नाकाजवळ धरायचं, नाकात ओढायचं नाही. ‘गुरुजी, ठसका लागला’ असं कुणी म्हणालं की काय झालं ते विचारावं लागत नाही.

आता अर्घ्य. संध्येतून एकच कृती ठेवायची म्हटलं तर ही ठेवावी, आणि चुकाही सर्वांत जास्त इथेच होतात. सकाळी पूर्वेकडे तोंड करून उभं राहायचं, कमरेत किंचित वाकायचं. दुपारी काठीसारखं ताठ उभं राहायचं. संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून आसनावर बसूनच द्यायचं. दोन्ही हातांची ओंजळ जोडून भरून घ्यायची, ती छातीपेक्षा वर न्यायची आणि गायत्री पूर्ण झाल्यावर बोटांच्या टोकांवरून, देवतीर्थाने, पाणी सोडायचं. तळहात उघडून धबकन टाकायचं नाही. सगळ्यांत नडते ती बोटांची जागा: तर्जनी आणि अंगठा एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत. त्या जुळणीला राक्षसी मुद्रा म्हणतात आणि अर्घ्यात ती वर्ज्य आहे. गंमत अशी की ओंजळ गळू नये म्हणून आपण सहजच अंगठा तर्जनीला दाबून धरतो. अंगठे बाहेरच्या बाजूला मोकळे ठेवून करंगळ्यांच्या कडा घट्ट जुळवल्या की ओंजळ गळत नाही. रिकाम्या हाताने आरशासमोर दोन-चारदा करून बघावं, मग पाणी घ्यावं.

पाणी पायांवर उडतं, ही दुसरी तक्रार. परात पायांजवळ असते म्हणून उडतं. ती हातभर पुढे, पाटावर ठेवली की पाणी उंचावरून पडलं तरी अंगावर येत नाही. फ्लॅटमध्ये बाल्कनीच्या कठड्यावरून सूर्याकडे थेट अर्घ्य सोडणारे असतात. खालच्या मजल्यावर कपडे वाळत असतात, आणि मग संध्येचा शेवट भांडणात होतो. परातीतच द्या आणि ते पाणी नंतर झाडाच्या मुळाशी, पायदळी येणार नाही तिथे, ओता. तीन अर्घ्यं झाली की ‘असावादित्यो ब्रह्म’ म्हणत हातात पाणी घेऊन स्वतःभोवती प्रदक्षिणा करायची. खोली लहान असेल तर जागच्या जागी वळलं तरी चालतं.

गायत्रीचे उच्चार इथेच तपासून घ्यावेत, कारण अर्घ्यात, प्राणायामात आणि जपात तीच आहे. ‘प्रचोदयात्’ शेवटी पाय मोडून संपतं, मराठी सवयीने ‘प्रचोदयात’ होतं. ‘भूर्भुवः स्वः’चं ‘भूर्भुवस्वा’ होतं. ‘धियो यो नः’ हे तीन शब्द आहेत, ते ‘धियो योनः’ असं जोडून म्हटलं की अर्थ तुटतो. ज्यांची मुंजीतली गायत्री तीस वर्षं न तपासता तोंडात बसली आहे त्यांना हे सुधारायला नवख्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

जपाला बैठक कोणती, तेही वेळेप्रमाणे बदलतं. मनुस्मृतीत सकाळी सूर्य दिसेपर्यंत उभ्याने आणि संध्याकाळी नक्षत्रं नीट दिसेपर्यंत बसून जप करायला सांगितलं आहे. संख्या एकशे आठ, अठ्ठावीस किंवा दहा. एक गायत्री नीट म्हणायला सहा-सात सेकंद लागतात, तेव्हा दहाला मिनिटभर, अठ्ठावीसला तीन मिनिटं, एकशे आठला बारा-तेरा मिनिटं. तुमच्या हातात किती मिनिटं आहेत ते बघून आदल्या दिवशी संख्या ठरवा. आसनावर बसल्यावर घड्याळाकडे बघत एकशे आठ पळवण्यापेक्षा दहा सावकाश केलेल्या बऱ्या. मोजायला माळ लागत नाही, उजव्या हाताची पेरं पुरतात. अनामिकेच्या मधल्या पेरापासून सुरुवात, मग तिचं मूळ, करंगळीचं मूळ, मधलं, टोक, अनामिकेचं टोक, मध्यमेचं टोक, तर्जनीचं टोक, मधलं आणि मूळ. दहा झाले. मध्यमेची खालची दोन पेरं मेरू मानतात, ती ओलांडायची नसतात. हात उपरण्याखाली ठेवावा.

त्यानंतर उपस्थान, दिशांना नमस्कार, गोत्रप्रवरासह अभिवादन, पुन्हा आचमन आणि ‘अनेन प्रातःसंध्यावंदनेन भगवान् श्रीपरमेश्वरः प्रीयताम्’ म्हणून पाणी सोडलं की संध्या झाली. सगळं नीट केलं, जप अठ्ठावीस धरला, तर पाठ झाल्यावर वीस मिनिटं. पुस्तकातून वाचत असाल तर चाळीस.

त्या सव्वासातच्या बसवाल्यांनी रोज चाळीस मिनिटं काढायची कुठून? आम्ही त्यांना पूर्ण संध्या फक्त रविवारी करायला सांगतो, आणि सोमवार ते शनिवार संक्षिप्त: एकदा आचमन, एक प्राणायाम, संकल्प, पहिलं मार्जन, तीन अर्घ्यं, दहा गायत्री, उपस्थानाची एक ऋचा, अभिवादन, शेवटचं आचमन. याला नऊ-दहा मिनिटं लागतात. वगळलं ते मंत्राचमन, दुसरं मार्जन, अघमर्षण, न्यास आणि मुद्रा. नवख्यांना चोवीस मुद्रांचं आकर्षण फार, व्हिडिओ बघून त्या आधी शिकतात, आणि अर्घ्याची ओंजळ मात्र गळत असते. क्रम उलटा करा. रविवारच्या पूर्ण संध्येत वगळलेला एकेक भाग पाठ होत गेला की तो आठवड्यातल्या संध्येत आणायचा. आधी मंत्राचमन, मग अघमर्षण. असं केल्याने चार-पाच महिन्यांत पूर्ण संध्या वीस मिनिटांवर येते, आणि तेव्हा रोज कोणती करायची ते ज्याचं त्याने ठरवावं.

अगदीच अडचणीचा दिवस, म्हणजे पाहुणे, आजारपण, उठायला उशीर, तर आचमन, तीन अर्घ्यं आणि दहा गायत्री. चार मिनिटं. याखाली उतरू नये. प्रवासात, पहाटेच्या एस.टी.त सूर्य उगवला तर मनातच गायत्री म्हणून सूर्याला नमस्कार करावा आणि गाडी थांबली की बाटलीतल्या पाण्याने रस्त्याकडेच्या मातीत अर्घ्य द्यावं. गाडीत उभं राहून प्लास्टिकच्या पेल्यात अर्घ्य देण्याचा खटाटोप नको.

माध्यान्ह संध्येचं काय, असं विचारतात. कारखान्यात बारा वाजता पळी-पंचपात्र काढणं शक्य नसतं, हे शिकवणाऱ्यालाही कळतं. सुट्टीच्या दिवशी जेवणाआधी ती करावी, इतर दिवशी डबा उघडण्यापूर्वी हात धुऊन दहा गायत्री मनात म्हणाव्यात. काही घरांत सकाळच्या संध्येला जोडूनच माध्यान्ह उरकायची रीत आहे. तुमच्याकडे असेल तर चालू ठेवा, नसेल तर नव्याने लावून घेऊ नका. एका बैठकीत दोन संध्या म्हटल्या की नवख्याच्या तोंडी संकल्पाचे आणि उपस्थानाचे मंत्र एकमेकांत मिसळतात आणि पुढे दोन्ही वेगळे करायला महिना जातो.

उन्हाळ्याची तयारी एप्रिलच्या शेवटी करावी. तेव्हा साताऱ्यात सूर्योदय सव्वासहाच्या जरा आधी येतो आणि साडेसहाची संध्या पहिल्यांदा कनिष्ठेत सरकल्याला महिना उलटलेला असतो, फक्त ते लक्षात आलेलं नसतं. बाहेर लख्ख उजेड असताना आचमनाला बसतो आहोत असं दिसलं की गजर आठ दिवसांत दहा-दहा मिनिटांनी मागे आणत पाच-तीसवर न्यायचा, आणि ऑगस्ट लागला की पुन्हा पुढे.